हुमणी: औषधाआधी बांधावरचं झाड बघा

रामराम दादा. तुमचे खोडव्याचे फोटो बघितले. मागच्या सप्टेंबरात बेटं पिवळी पडली, ऊस धरून ओढला की मुळासकट अलगद हातात आला आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी निघाली, असं तुम्ही लिहिलंय. ही हुमणीच दिसते. आता मे संपत आला म्हणून दाणेदार औषध टाकावं का, हा तुमचा प्रश्न.

माझं मत, आत्ता नको. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मागच्या वर्षीच्या अळ्या दिवाळीच्या आसपास कोषात गेल्या, त्यांचे भुंगे झाले आणि ते पहिल्या पावसाची वाट बघत जमिनीतच बसून आहेत. म्हणजे ज्या अळीसाठी तुम्ही औषध टाकणार ती अजून जन्मालाच आलेली नाही. वर कोरडी जमीन. ते दाणे नुसते उन्हात पडून राहतील.

आता मूळ मुद्दा. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की भुंगे बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, हे इथं बहुतेकांना माहीत आहे. मी करमाळ्याकडचा, हलक्या ते मध्यम रानातला माणूस. आमच्या शिवारात माझ्या बघण्यात आलेली गोष्ट अशी की ते सगळ्या झाडांवर सारखे बसत नाहीत. दहा कडुनिंब असले तर दोन-तीनच भरून जातात, बाकीच्यांवर तुरळक. आणि पुढच्या सालीही बहुतेक तीच झाडं. आमच्याकडे ही झाडं म्हणजे बांधावर एकटी उभी असलेली, मागच्या साली जिथं नुकसान झालं त्या तुकड्याच्या जवळची, कोवळी पालवी असलेली. दाट राईत किंवा वस्तीजवळच्या झाडांवर भुंगे कमी. असं का, ते मी सांगू शकत नाही. पण यामुळे काम फार सोपं होतं. सगळं शिवार झोडपत बसायची गरज राहत नाही, मोजकी झाडं धरली की झालं.

ती झाडं ओळखायला रात्रीच जायला पाहिजे असं नाही. पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बुंध्याखाली बघा. कडुनिंबाची पानं कडेनं अर्धगोल कुरतडलेली असतात, खाली पानांचे तुकडे आणि बारीक काळसर विष्ठा सांडलेली असते. भुंगा मात्र एकही दिसणार नाही, कारण उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. म्हणूनच दिवसा बघून कित्येक जण म्हणतात, आमच्याकडे भुंगेच नाहीत. ज्या झाडाखाली असा सडा दिसेल त्याच्या खोडावर चुन्याचा पट्टा मारून ठेवा. पुढच्या सालीही तो उपयोगी पडतो.

मग संध्याकाळी दिवेलागणीला तिथं जा. साधारण सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मातीतून भुंगे उठायला लागतात. भणभण आवाज येतो, अंगावरही आदळतात. झाडावर आल्या आल्या जोड्या लागतात. बॅटरी मारली तर मादी पानाला धरून आणि नर तिला उलटा लोंबकळलेला दिसेल. खाणं त्यानंतर सुरू होतं. पहिली धावपळ ओसरून ते पाल्यावर स्थिर झाले की झाड हलवायचं. आमच्याकडे ही वेळ साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. खाली जुनी ताडपत्री अंथरा, लांब काठीला आकडी बांधा आणि फांदीला एकदम जोरात हिसडा द्या. हळूहळू हलवलं तर ते पाय घट्ट रोवतात. खाली पडलेले लगेच उडत नाहीत, तेवढ्यात गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. रॉकेल आता मिळत नाही म्हणाल तर थोडं डिझेल किंवा साबणाचं दाट पाणीही चालतं. घरच्या कोंबड्यांना घालायचे असतील तर अर्थातच कोरड्या बादलीत, आणि त्या झाडावर फवारा मारलेला नसेल तरच.

पाऊस झाला त्याच संध्याकाळपासून सुरू करा आणि नंतरच्या काही संध्याकाळी चुकवू नका. मादी ओल्या मातीत अंडी घालते, म्हणून सुरुवातीला पकडलेल्या मादीचं मोल जास्त. उशीर झाला तरी सोडून देऊ नका, कारण ती सगळी अंडी एकाच दिवशी घालत नाही. रोहिणीत नुसता शिडकावा झाला तर थोडेच निघतात, मग मृगात पुन्हा लाट येते. पावसावर नजर ठेवा, तारखेवर नको. आणि एकट्यानं केलं तर अर्धंच काम होतं. भुंग्याला बांध कळत नाही, शेजारच्या दोन-चार जणांना बरोबर घ्या.

आता हे सगळीकडे असंच चालेल असं मी म्हणणार नाही. तुम्ही नेवाशाकडचे, जमीन काळी, कालव्याचं पाणी. रान सतत ओलं असेल तर भुंगे निघण्याची वेळ पुढंमागं होऊ शकते. कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या रानात हुमणीची जातच वेगळी आहे. तिथले भुंगे असे कडुनिंबावर गोळा होत नाहीत, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी माझ्या भरवशावर झाडं हलवत बसू नये. ज्यांच्या शिवारात झाडंच उरली नाहीत त्यांना प्रकाश सापळा बघावा लागेल. तोही रात्रभर नको, दिवेलागणीपासून दोन-अडीच तास पुरे, नाहीतर त्यात मित्रकीटकही मरतात.

झाडावर औषध मारू का, असंही काही जण विचारतात. मी मारत नाही. आमच्याकडे त्याच पाल्यावर शेळ्या जगतात. ज्यांना मारायचंच आहे त्यांनी कृषी विज्ञान केंद्रात विचारून, लेबलवर त्या वापराची शिफारस असलेलंच घ्यावं आणि त्या झाडाचा पाला जनावरांना घालू नये.

भुंगे पकडले म्हणजे हुमणी संपली असंही नाही. शेजारच्या रानातून काही येणारच. म्हणून पावसानं जमीन ओली झाली की चांगल्या कुजलेल्या शेणखतातून मेटारायझियम बुरशी देतो. तिला ओल लागते, कोरड्यात ती काम करत नाही. खरोखर गरज पडलीच तर रासायनिक औषधाची वेळ अळ्या लहान असताना. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडल्यावर अळी मोठी झालेली असते, तिला औषध लागू पडणं अवघड.

एक काम आजच करा. मागच्या साली जिथं बेटं वाळली तिथं दोन-तीन ठिकाणी फूटभर खणून बघा. तांबूस-तपकिरी भुंगे निघाले तर वरचं सगळं तुम्हाला लागू पडायची शक्यता बरीच आहे. मोठ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या तर ती जात वेगळी असू शकते, किंवा शेणखतातून आलेली दुसरीच अळी असेल. मग घाई नको. जे निघेल त्याचा शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो टाका, आणि बांधावर कोणती झाडं आहेत तेही लिहा.