धूर वर जात नाही

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. मी नववी ‘ब’मधून बोलतेय.

आज 2 डिसेंबर, राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. 1984 साली 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसं गेली, त्यांच्या आठवणीत हा दिवस पाळतात. तिथे एका कारखान्याची टाकी होती. मी आज बोलणार आहे ती आपल्या हातातल्या काडेपेटीबद्दल आणि बाबांच्या गाडीच्या किल्लीबद्दल.

आधी माझाच गुन्हा सांगते. मागच्या दिवाळीनंतर आमच्या परड्यात पाला, खोकी आणि फटाक्यांचे कागद असा ढीग साठला होता. तो मी पेटवला. वर दुधाच्या पिशव्याही टाकल्या, कारण त्या छान जळतात! आजी शेजारच्या खोलीत झोपली होती. तिला दमा आहे. रात्रभर ती बसून होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. सकाळी ती एवढंच म्हणाली, “बाळा, कचरा गेला कुठं गं? माझ्या छातीत आला की.”

मग विज्ञानाच्या बाईंना विचारलं, धूर वर का गेला नाही? थंडीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली कोंडतो. पहाटे आयर्विन पुलावरून कृष्णेकडे पाहिलंत तर पाण्यावर जे पांढरं पसरलेलं दिसतं, त्याला आपण कौतुकाने धुकं म्हणतो. त्यात धूरही असतो. त्यातले सगळ्यात घातक कण 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे नाकातले केस त्यांना काय अडवणार! प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असेल तर जळताना डायॉक्सिनसारखी विषंही निघतात.

“कचरा पेटवला की डास पळतात,” असं आमच्या गल्लीत म्हणतात. डास पळतात, पण परत येतात. शेकोटीला माझी ना नाही, पण ती लवकर पेटावी म्हणून त्यात टायरचा तुकडा टाकू नका. आणि ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी, तोडणी झाली की पाचट पेटवायच्या आधी घरात एकदा विषय काढा. सरीत कुजवलं तर त्याचंच खत होतं. माझ्या मामांना पटायला दोन हंगाम लागले, तेव्हा एका दिवसात पटेल अशी आशा धरू नका. आणि उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच सांगितलंय.

आता गाड्या. गेल्या गुरुवारी मी सात ते सव्वासात आपल्या फाटकाशी उभी राहिले. 58 दुचाकी आल्या, त्यातल्या 49 वर एकच मूल. आणि सोडायला आलेली गाडी रिकामी परत जाते, म्हणजे एका मुलामागे तोच रस्ता दोनदा, आणि दुपारी पुन्हा दोनदा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय फाटकाशी गाडी चालूच ठेवून डबा द्यायचा, तो धूर थेट पहिलीच्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर.

आपलं गाव सपाट आहे. साताऱ्याच्या मुलांसारखे चढ आपल्याला नाहीत, तेव्हा पाय दुखतात ही सबब चालणार नाही. एक किलोमीटर चालायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. लांबून येणाऱ्यांनी गाडी वाटून घ्यावी. मिरजेकडून, माधवनगरकडून वडापने येणारी आपली मोठी माणसं हेच वर्षानुवर्षं करतात, त्यात कमीपणा कसला? फक्त वाटून घेणं म्हणजे ट्रिपल सीट नव्हे, हे मागच्या रांगेतल्या मुलांसाठी.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांच्या यादीत आपली सांगली आहे. यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटावेत असं हे नाव नाही.

तर सोमवारपासून असं करूया. विश्रामबाग चौकातून चालत येणारे सकाळी 6:40 ला रिक्षा थांब्यापाशी जमतील. मी आणि आमच्या वर्गातल्या चौघी तिथे असू, पाचवी-सहावीच्या मुलांना रस्ता आम्ही ओलांडून देऊ. गाडी वाटून घ्यायची असेल त्यांनी वाचनालयाबाहेरच्या वहीत राहायची गल्ली आणि निघायची वेळ लिहावी. फोन नंबर लिहू नका, जुळणी बाई करतील. वहीत पहिलं नाव माझ्या बाबांनी लिहिलंय. सोमवारी त्यांच्या मागच्या सीटवर मी नसेन, ती जागा रिकामी आहे.