बाहेर जाऊन येणारा माणूस

सिगरेट सोडून सात महिने झाले. आता दिवस मोजत नाही, पण कुणी विचारलं की आकडा तोंडावर तयार असतो, म्हणजे आत कुठेतरी मोजणं चालूच आहे. 19व्या वर्षी पहिली ओढली आणि 41व्या वर्षी शेवटची. दिवसाला सरासरी 12 धरल्या तरी 90 हजारांच्या वर जातात. हा हिशोब मी एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा केला, आणि नंतर कितीतरी वेळ पडूनच राहिलो, कारण आकड्यापेक्षा जास्त हे लागलं की त्यातल्या फार फार तर दहा-बारा मला आठवतात.

शरीराचं म्हणाल तर ते ठरल्याप्रमाणे झालं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, डोकं जड, साधा मेल तीनदा वाचायला लागायचा. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की निकोटीन शरीरातून दोन-तीन दिवसांत जातं, पण त्याची सवय झालेला मेंदू पूर्ववत व्हायला काही आठवडे घेतो, आणि एकेक तलफ काही मिनिटंच टिकते, तेवढी काढायची. निकोटीनचं च्युइंगम दिलं होतं, 4 मिलिग्रॅमवालं, ते नुसतं चघळत सुटायचं नसतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं असतं, हे मला आठवडाभर उचक्या लागल्यावर कळलं. कॉफी पिऊन झोप उडायला लागली तेव्हा घाबरलो होतो, मग समजलं की धुरामुळे शरीर कॉफीतलं कॅफिन लवकर संपवत असतं, सिगरेट थांबली की तेवढीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. कॉफी निम्म्यावर आणली, झोप आली. असं प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण होतं आणि काहीतरी उपाय होता.

ज्याला उपाय सापडला नाही ते वेगळंच आहे, आणि त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला त्या माणसाची आठवण येते. सिगरेटची नाही, म्हणजे तीही येते, पण जो ओढायचा त्याची जास्त.

तो जेवण झालं की उठून बाहेर जायचा. कार्यक्रमात गर्दी वाढली, आवाज वाढला की "आलोच पाच मिनिटांत" म्हणून सटकायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. भांडण तापलं की तो उठायचा, आणि परत यायचा तेव्हा त्याचा आवाज खाली आलेला असायचा. अनोळखी माणसाकडे काडी मागून तो बोलायला सुरुवात करू शकायचा, मी तसा बुजरा आहे हो, पण तो नव्हता. आत्ताच्या माझ्या जवळच्या मित्रांपैकी दोघं त्याने असेच मिळवलेत, ऑफिसच्या मागच्या जिन्यात.

बाबा गेले त्या रात्री मी हॉस्पिटलच्या गेटबाहेर उभा होतो. पाकीट संपलेलं. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांचंही कुणीतरी वर होतं, त्यांनी काही न विचारता स्वतःचं पाकीट पुढे केलं, मी एक घेतली, त्यांनीच पेटवून दिली. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. त्यानंतर कितीतरी लोक भेटायला आले, बोलले, सगळे चांगलंच बोलले, पण त्या रात्रीचा आधार म्हणून मला आजही तो हात आठवतो. आता ही आठवण मी कुठे ठेवू? बाबांची फुप्फुसंच निकामी झाली होती, तेही ओढायचे, आणि त्यांच्या मृत्यूच्या दारात मला सावरलं ते सिगरेटनेच. सोडताना मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटली की ती वाईट ठरवली तर ती रात्रपण खोटी ठरेल.

"सिगरेटने शांत वाटतं" ह्या समजुतीबद्दल मी बरंच वाचलं. निकोटीन झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, मग अस्वस्थ वाटायला लागतं, मग पुढची ओढली की बरं वाटतं. म्हणजे जी बेचैनी जायची त्यातली बरीचशी मागच्या सिगरेटनेच आणलेली असायची. हे पटतं मला. पण ह्यातून लोक लगेच असं काढतात की बघ, सगळा भास होता, ती शांतता खरी नव्हतीच. इथे मी थांबतो. कारण जिन्यात उभं राहणं खरं होतं. फोन खिशात ठेवून पाच मिनिटं कुठल्याही गोष्टीचं उत्तर न देणं खरं होतं. लांब श्वास आत घेऊन सावकाश बाहेर सोडणं, हे तर दिवसातून 12 वेळा करायचो मी, फक्त त्यात विष असायचं. हॉस्पिटलबाहेरचे ते गृहस्थ खरे होते. सिगरेट ह्या सगळ्याला चिकटून बसली आणि वर्षानुवर्षं श्रेय स्वतःकडे घेत राहिली, मीही देत राहिलो.

मग तो माणूस नक्की कुठला होता, तिचा का माझा?

सुरुवातीच्या महिन्यात मी त्याला शत्रू मानलं होतं. जुने फोटो बघायचो, बोटांत सिगरेट दिसली की पुढे सरकवायचो. तसं करून काही काळ जोर येतो, नाकारत नाही, पण मग आयुष्यातली 22 वर्षं कापून टाकल्यासारखं व्हायला लागलं, लग्न त्यातच झालं, मुलगी त्यातच झाली. तिच्यासाठी मी कपडे बदलून, हात तोंड धुऊन घरात यायचो तो पण तोच माणूस ना. चुकत होता आणि काळजीपण करत होता, दोन्ही एकाच वेळी.

हे सगळं मी बायकोला सांगायला गेलो तर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खरं सांगू? मला पण त्या दहा मिनिटांची सवय झाली होती. तू बाहेर गेलास की घर जरा शांत व्हायचं. आता तू जेवल्यावर इथेच असतोस आणि मला कळत नाही तुझं काय करायचं." मला वाईट वाटायला हवं होतं का माहीत नाही, मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे त्या माणसाचं जाणं फक्त मलाच जाणवत नव्हतं. त्याच्या जाण्यायेण्याभोवती सगळ्या घराचा दिवस बसला होता, आणि तो हलला तर सगळ्यांनाच हलावं लागतंय.

गेल्या महिन्यात थंडी सुरू झाली आणि जुनं जॅकेट काढलं. आतल्या खिशात लायटर होता. दाबला, पहिल्याच फटक्यात पेटला. मी ज्योतीकडे बघत राहिलो, तलफ आली, चांगली जोरात आली, मी उभा राहिलो आणि ती गेली. लायटर फेकला नाही. दिवे गेले तर लागेल म्हणून मेणबत्त्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या दिवसापासून रात्री जेवण झालं की मी जॅकेट घालतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. हात काय करायचे ते अजून जमत नाही, कधी खिशात, कधी कठड्यावर. दहा मिनिटांनी आत येतो. काल मुलीने विचारलं, "बाबा, तू बाहेर काय करतोस?" मी म्हणलं काही नाही गं, उभा असतो. तर ती चप्पल घालून आली आणि शेजारी उभी राहिली, काही बोलली नाही.