जोखीम नोंद : खोक्यांचा उशीर, कोल्हापूरचा पुरवठादार (कॉल दि. ३१ जुलै २०२५)

युनिट : काजू प्रक्रिया, डिचोली
कॉल : गुरुवार, स. ११.२०, २३ मिनिटे. रेकॉर्डिंग चालू असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि त्यांनी ‘चालेल’ म्हटलं (मि. ०:१५).
कॉलवर : आमच्याकडून खरेदी आणि स्टोअर, त्यांच्याकडून मालक आणि डिस्पॅच.
नोंद : खरेदी विभाग, १ ऑगस्ट. रेकॉर्डिंग दोनदा ऐकून.

आधी एक गोष्ट. २३ मिनिटांत ‘पाऊस’ हा शब्द नऊ वेळा आला. कॉल संपल्यावर आमच्याच टेबलावर ‘पावसामुळे उशीर’ असं लिहून मोकळं व्हायची घाई झाली होती. तारखा मांडल्यावर मात्र चित्र वेगळं दिसलं. ३० जूनच्या ऑर्डरमध्ये ५ प्लायची ६,००० छापील खोकी होती, २,००० च्या तीन खेपांत. पहिली १४ जुलैला यायची, ती १८ ला आली. दुसरी २१ ची, ती २९ ला. तिसरी २८ ची, ती अजून आलेली नाही. आलेल्या दोन खेपांचा उशीर मिळून १२ दिवस. त्यांची फोड अशी :

| कारण | दिवस | कोणाकडचं | कॉलमधली जागा |
|---|---|---|---|
| छपाईचा नमुना मंजूर करायला उशीर | ३ | आमचं | मि. ३:१० |
| वीज गेल्यानं मशीन बंद | १ | त्यांचं | मि. ४:०२ |
| मिलमधून क्राफ्ट पेपर आला नाही | ५ | त्यांचं | मि. ६:४० |
| दमट हवेत डिंक वाळला नाही | १ | पाऊस | मि. ९:२५ |
| धुकं, क्लच, रविवार | १ | अर्धा पाऊस | मि. ११:५० |
| ई-वे बिलाची मुदत संपली | १ | त्यांचं | मि. १३:०५ |

पावसाच्या खात्यावर ताणूनही दोनच दिवस जातात. मि. १४:१० ते १४:५५ जनरेटरच्या आवाजात काही ऐकू येत नाही, त्यातलं काहीही इथे धरलेलं नाही.

जो-१. कागद. शक्यता : जास्त. परिणाम : जास्त. स्थिती : उघडी.

ही सगळ्यांत मोठी जोखीम. कॉलमध्ये ती सगळ्यांत हळू आवाजात आली. मालकांचे शब्द : “मिलवाल्यांचं थोडं मागचं राहिलंय, पण रोल सोमवारी पडतील बघा.” म्हणजे थकबाकी आहे आणि मिल उधारीवर माल सोडत नाही. दुसऱ्या खेपेचे पाच दिवस इथेच गेले, तिसरीही इथेच अडकली आहे. ‘सोमवार’ म्हणजे ४ ऑगस्ट हे कॉलवर कुणी बोललं नव्हतं. १ तारखेला व्हॉट्सअॅपवर विचारून लेखी होकार घेतला.

उपाय : तिसऱ्या खेपेच्या रकमेच्या ३० टक्के आगाऊ, पण मिलच्या बिलाची प्रत हाती आल्यावरच. रोल उतरल्यावर मिलच्या लेबलासह फोटो, ४ ऑगस्ट सायं. ५ पर्यंत. फोटो आला नाही तर ५ तारखेला सकाळी जो-५ सुरू. आणखी फोन करून वाट बघायची नाही. जबाबदारी : खरेदी, आगाऊ रक्कम : अकाउंट्स.

जो-२. चवथीआधी खोकी संपणं. शक्यता : जास्त. परिणाम : फार जास्त. स्थिती : उघडी.

चवथ २७ ऑगस्टला. दुकानदारांना माल २३ च्या शनिवारपर्यंत लागतो. ३१ जुलैला स्टोअरमध्ये चांगली खोकी २,८५०. आज रोज १९० लागतात, ११ ऑगस्टपासून ३०० लागतील. रविवार आणि १५ ऑगस्ट वगळून हिशेब केला तर १४ तारखेच्या संध्याकाळी १३० उरतात आणि १६ ला सकाळीच ती संपतात. तिथून २३ पर्यंत आणखी १,९७० हवीत. तिसरी खेप २,००० ची. म्हणजे सगळं नीट झालं तरी हाती उरणार ३० खोकी.

त्यांनी दिलेली तारीख : “आठ-दहा दिवसांत तुमच्या दारात” (मि. १७:०५). म्हणजे ८ ते १० ऑगस्ट. ९ ला रक्षाबंधन, १० ला रविवार. नोंदीत ११ ऑगस्ट धरली आहे. शेवटची सोसवणारी तारीख १२ ऑगस्ट.

उपाय : ११ पासून मोठ्या ऑर्डरी दोन किलोच्या पॅकमध्ये वळवता येतील का, हे पॅकिंगने ५ तारखेपर्यंत सांगायचं. स्टोअरने रोज संध्याकाळी शिल्लक कळवायची.

जो-३. भिजलेली खोकी. स्थिती : वादात.

दुसऱ्या खेपेत ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्याखालचे गठ्ठे ओलसर होते, २०० खोकी बाजूला काढली. कॉलवर त्यांचं म्हणणं : “उन्हात टाका, वाळतात.” जुलैत डिचोलीत ऊन कुठून आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही. शिवाय आतली नागमोडी एकदा बसली की वाळवूनही उभी राहत नाही. स्टोअरने तीन खोकी वाळवून दहा-दहा किलो रचलं, खालचं दबलं. वरच्या ३० च्या हिशेबात ही २०० फार मोठी आहेत.

उपाय : फोटोसह तक्रार १ ऑगस्टला पाठवली. २०० बदली खोकी तिसऱ्या खेपेसोबतच हवीत, क्रेडिट नोट नको. यापुढे गाडी उघडताना दोघांच्या समोर फोटो. जबाबदारी : स्टोअर.

जो-४. घाट आणि ई-वे बिल. शक्यता : मध्यम. परिणाम : मध्यम.

गाडी २६ जुलैच्या रात्री ९ ला निघाली. आंबोलीत दाट धुकं, ड्रायव्हर वरच थांबला. त्यात त्याची चूक नाही, रात्री तो घाट उतरायचा हट्ट आम्हीही धरणार नाही. सकाळी क्लच गेला, रविवार असल्याने मेकॅनिक नाही. ई-वे बिल २६ चं, २०० किमीच्या आतलं, म्हणून २७ च्या मध्यरात्रीपर्यंतच चालणारं. मुदत संपल्यापासून आठ तासांत ती वाढवता येते, पण ट्रान्सपोर्टवाल्याच्या लक्षात आलं २८ ला दुपारी, माल दुसऱ्या टेम्पोत भरताना. आणखी एक दिवस गेला.

उपाय : गाडी दुपारी १२ च्या आत भरून निघेल, म्हणजे घाट उजेडात. आंबोली बंद असेल तर गगनबावडा-वैभववाडीवरून, पण अंतर वाढतं, तेव्हा बिलात खरं अंतर टाकायचं. गाडी बदलली तर भाग ‘ब’ मध्ये नवा नंबर लगेच. बिल आमच्याकडेही पाठवायचं आणि मुदतीआधी आठ तास अकाउंट्सने फोन करायचा. डिस्पॅचने होकार दिला (मि. १९:३०).

जो-५. पर्यायी पुरवठा. स्थिती : तयार ठेवायचा.

कुंडईतल्या एका खोकेवाल्याकडून साधी, न छापलेली ५०० खोकी. वर आमचा स्टिकर. नगामागे ४ रुपये जास्त. पाऊचवर लेबल असतंच. भाव लेखी घेतला आहे, ऑर्डर जो-१ वर अवलंबून.

जो-६. आमची मंजुरी. स्थिती : बंद करण्याजोगी.

नमुना १ जुलैला आला, आम्ही ४ ला पास केला. तीन दिवस तो एकाच्या मेलमध्ये पडून होता. मालकांनी हे हसत सांगितलं, पण खरं सांगितलं. यापुढे नमुना दोघांना जाईल आणि २४ तासांत उत्तर. हे कलम पुरवठादारालाही पाठवलेल्या प्रतीत तसंच ठेवलं आहे.

पुढचा आढावा : मंगळवार, ५ ऑगस्ट, स. १०. आधी जो-१ चा फोटो, मग बाकीचं.