वहीचं शेवटचं पान

फिजिक्सच्या प्रीलिमला अकराच्या सुमाराला गायत्रीने पेन खाली ठेवलं आणि उजवं कानशील अंगठ्याने दाबून धरलं. पुन्हा तेच. आधी भुवईच्या वर एक ठिपका दुखायचा, मग कपाळाभोवती कोणी ओला पंचा पिळून आवळल्यासारखं व्हायचं, आणि मग प्रश्नातल्या ओळी नुसत्या डोळ्यांसमोरून जायच्या, आत काही शिरायचं नाही. कपॅसिटरचं गणित तिने घरी तीनदा सोडवलं होतं. इथे सूत्रच आठवेना.

कंपासपेटीत गोळ्यांची पट्टी होती. डिसेंबरपासूनची दुसरी. पर्यवेक्षक टीचर पाठमोऱ्या झाल्या तशी तिने एक गोळी पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळली. एकाच घोटाबरोबर, कारण जास्त पाणी प्यायलं की पेपर अर्ध्यावर टाकून उठावं लागेल आणि मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलेली. अकरावीपासून तिला ही सवयच लागली होती. सकाळी घरून अर्ध्या लिटरची बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच परत आणायची. जानेवारीतली डिचोलीची सकाळ गार, त्यामुळे तहानही लागत नव्हती.

घरी आल्यावर आजीने नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"कितें गो, तकली दुखता?"

"परीक्षेचं टेन्शन आहे, आजी. संपली की थांबेल."

आईला मात्र चष्म्याचा संशय होता. पप्पांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तिला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर होता तेवढाच निघाला. परतीच्या कदंब बसमध्ये गायत्री खिडकीला डोकं टेकून बसली आणि मनात म्हणाली, म्हणजे दोष डोळ्यांचा नाही, माझाच. मला परीक्षा झेपत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल असं ठरवून टाकणं फार वाईट असतं. कारण एकदा ठरलं की ती दुसरं कारण शोधतच नाही.

तिचा दिवस तेव्हा असा होता. क्लासहून यायला सात. जेवून नऊला अभ्यासाला बसायचं. अकराला चहा, एकला आणखी एक चहा. अडीचच्या सुमाराला डोळे मिटायचे ते पहाटे साडेपाचच्या अलार्मपर्यंत. सहाला पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत दारावरून जायचा तेव्हा ती अंगणात फेऱ्या मारत व्याख्या पाठ करत असायची. वर्गातल्या सगळ्या हुशार मुली असंच करतात, असं तिला वाटायचं. सानिया तर तीनपर्यंत जागायची.

बायोलॉजीच्या आदल्या रात्री साडेनऊला गावातला ट्रान्सफॉर्मर गेला. नळाकडच्या दिव्यापासून देवळापर्यंत सगळा काळोख. मोबाइल चार्ज नव्हता. मेणबत्तीच्या उजेडात ती अर्धा तास जनुकांच्या आकृत्यांशी झगडली, मग रडकुंडीला आली. अजून दोन धडे राहिले होते.

"न्हिद गो आता," आजी म्हणाली. तिने गायत्रीची वही मिटली आणि स्वतःच्या गोधडीतली अर्धी गोधडी तिच्या अंगावर ओढली.

सकाळीही वीज नव्हती. मिक्सर बंद म्हणून चटणी नाही, म्हणून आजीने उकड्या तांदळाची पेज केली आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, कुस्करून पुढ्यात ठेवलं. गायत्रीने दोन वाडगे संपवले. निघताना आजीने दादाची लिटरची बाटली विहिरीच्या पाण्याने गच्च भरून दिली. हायर सेकंडरीत वीज नसेल तर कूलर चालणार नाही, हा तिचा हिशोब. तो बरोबर निघाला. पंखे बंद होते, हॉल तापला होता आणि गायत्री पेपरभर पाणी पीत राहिली. एकदा उठून जावंही लागलं. सानियाही निघाली होती, ती दाराबाहेर उभी राहिली. मोजून चार मिनिटं गेली.

परतताना बस बाजारात थांबली, कंडक्टर ओरडला, कोणाची तरी माशांची पिशवी सीटखाली सांडली, मोठा गोंधळ झाला. एरवी असल्या आवाजाने तिच्या डोक्यात घण बसले असते. ती तो गोंधळ शांतपणे बघत होती. आणि अचानक तिला जाणवलं की आज डोकं दुखलं नाही. पेपर तर आज सगळ्यांत अवघड होता. दोन धडे वाचलेच नव्हते. म्हणजे टेन्शन आज सगळ्यांत जास्त होतं.

ती घरी आली ती सरळ केमिस्ट्रीच्या वहीचं शेवटचं पान उघडून बसली. पट्टीने उभ्या रेघा मारल्या. तारीख. झोप किती तास. पाणी किती बाटल्या. चहा. डोकं: शून्य ते दहा. गोळी. मागचे आठ दिवस आठवून भरले. झोप तीन, तीन, साडेतीन, तीन. पाणी अर्धी बाटली, अर्धी, पाव. डोकं सहा, सात, सात, आठ. आणि आजची ओळ: झोप साडेसात, पाणी दोन वाडगे पेज आणि लिटरभर, डोकं शून्य.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. प्रॅक्टिकलला टीचर एक रीडिंग कधीच घेऊ देत नसत.

शनिवारी आई तिला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला, डोळ्यांत टॉर्च टाकला, मान पुढे वाकवायला लावली. उलटी होते का, ताप येतो का, एका बाजूचं दिसेनासं होतं का, दुखण्याने रात्री जाग येते का, हातपाय बधिर होतात का, सगळं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मग गायत्रीने थोडं संकोचत वही पुढे केली.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं.

"हे तुला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग माझं अर्धं काम तू केलंस, बाय." त्यांनी 'गोळी' या शब्दाखाली बोट ठेवलं. "पण हे बघ. महिन्यात पंधरा-पंधरा दिवस ही गोळी घेत राहिलीस तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. रिकाम्या पोटी तर अजिबात नको. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तू तीन तासांवर महिनाभर चालवते आहेस. आणि झोपेत मेंदू नुसता पडून नसतो, दिवसभर वाचलेलं पक्कं करायचं काम तो तेव्हाच करतो. लघवीचा रंग कसा असतो?"

गायत्रीने आईकडे पाहिलं. "गडद."

"फिकट पिवळी व्हायला हवी. तहान लागेपर्यंत थांबू नकोस. पण एका दमात तांब्याभर ओतूही नकोस, दिवसभर थोडं थोडं. रात्रीचा चहा बंद. पंधरा दिवसांनी हेच पान मला परत दाखव. मधेच काही वेगळं वाटलं, उलट्या झाल्या किंवा एकदम असह्य दुखलं, तर पंधरा दिवस थांबायचं नाही."

ऐकायला सोपं होतं. पहिल्या रात्री साडेदहाला अंथरुणावर पडल्यावर गायत्रीला आपण चोरी करतो आहोत असं वाटलं. समोरच्या घरात सानियाच्या खोलीतला दिवा चालू होता. अकरा वाजले, बारा वाजले, झोप येईना. दुसऱ्या रात्री ती उठून पुन्हा वही घेऊन बसली आणि दोनला झोपली. पाणी त्या दिवशी तिने भरपूर प्यायलं होतं. तरी सकाळी डोकं दुखलं. पाच. पुढे दोन रात्री छान झोपली, पण एका दिवशी बाटली घरीच विसरली. दुपारी तीनला भुवईच्या वर तो ठिपका ओळख दिल्यासारखा उगवला. तीन. वहीत ते आकडे लिहिताना तिला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. नुसत्या पाण्याने भागत नाही, नुसत्या झोपेनेही नाही, हे आता तिने स्वतः पाहिलं होतं. पाळीच्या पहिल्या दिवशी मात्र झोप आणि पाणी दोन्ही असूनही डोकं दुखलं. तिने ते खोडलं नाही. बाजूला कारण लिहून ठेवलं.

उरला होता टॉयलेटचा प्रश्न. तो तिला सगळ्यांत कठीण वाटला, कारण तो तिच्या एकटीच्या हातात नव्हता. चार दिवस धीर गोळा करून ती वर्गशिक्षिकांकडे गेली आणि उभ्या उभ्या बोलून मोकळी झाली. "टीचर, कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत." टीचरनी चष्मा काढला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारावर नवी पितळी कडी होती. मधल्या सुट्टीत कूलरपाशी मुलींची रांग दिसली तेव्हा गायत्रीला कळलं, घरून भरलेली बाटली तशीच परत नेणारी ती एकटी नव्हती.

अभ्यासाचे तास कमी झाले ते झालेच. रात्रीचे चार तास गेले. पण त्या चार तासांत ती एकच पान पाच वेळा वाचायची, हेही तिला आता दिसत होतं. सकाळी सहाला, पोदेराचा भोंपू ऐकून, पेज होईपर्यंतच्या तासाभरात तिचा ऑरगॅनिकचा एक अख्खा भाग उरकायचा.

बोर्डाचा पहिला पेपर इंग्रजीचा. मग फिजिक्स. कपॅसिटर पुन्हा आला. सूत्र आठवलं.

केमिस्ट्रीच्या दिवशी परतताना बसमध्ये सानिया शेजारी होती. तिने दोन्ही तळव्यांनी कपाळ धरलं होतं.

"गोळी आहे का गो तुझ्याकडे?"

गायत्रीने कंपासपेटी उघडली. पट्टी तशीच होती, जानेवारीत राहिलेल्या चार गोळ्या चंदेरी कागदाखाली फुगलेल्या. तिने पेटी मिटली.

"आधी सांग, सकाळपासून काय खाल्लंस? पाणी किती प्यालीस?"

"पेपर होता ना. आता घरी जाऊन पिईन."

"आणि काल कितीला झोपलीस?"

सानियाने उत्तर दिलं नाही. गायत्रीने बाटलीचं झाकण काढून तिच्या हातात दिली. बस मयेच्या तळ्याच्या वळणाला लागली होती, काजूच्या झाडांवर बोंडू पिवळे व्हायला लागले होते. सानियाने दोन घोट घेतले, थांबून आणखी दोन घेतले.

"उतरल्यावर आमच्याकडे चल," गायत्री म्हणाली. "आजीने पेज ठेवली असेल. आणि तुला एक पान दाखवायचं आहे."