मधली वीस मिनिटं अप्रतिम, शेवटचे दोन इंच जाळू नका (5 पैकी 3 तारे)

विकत घेतलं ते: चंदन-केवडा मसाला अगरबत्ती, 100 ग्रॅमचं पाकीट, 165 रुपये. मोजल्या तर 68 काड्या निघाल्या, त्यातल्या तीन मोडलेल्या. वापर: जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सात आठवडे, ठाण्यात, चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीत. देवघर म्हणजे हॉलच्याच कोपऱ्यातला देव्हारा, हॉल साधारण दहा बाय बारा.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं फार चिकित्सक वाटलं तर राग येणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं क्वालिटीला होते. साबण, पावडर, फिनेल, सगळ्यांचे वास कागदाच्या पट्टीवर घेऊन तासातासाने हुंगायचे आणि वहीत लिहायचं, हे काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. त्यामुळे उदबत्ती लावली की हात जोडायच्या आधी घड्याळ बघते, यावरून घरात माझी थट्टा होते.

पाकीट उघडल्यावर जो वास येतो त्यावर जाऊ नका. जांभळी नाक्याला दुकानात उभं राहून आपण सगळे पाकिटं हुंगूनच उदबत्ती निवडतो, मीही तेच करत आले. पण तो थंड वास असतो. न पेटलेल्या काडीतून हलकी, लवकर उडणारी द्रव्यं तेवढी नाकाला भेटतात. चंदनासारखी जड द्रव्यं गरम झाल्याशिवाय जागची फारशी हलत नाहीत. या पाकिटाचा थंड वास नुसता केवडा आहे, तोही चांगलाच टोचणारा. आमच्या सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन लगेच लांब धरलं. पेटवल्यावर मात्र ही वेगळीच वस्तू आहे.

पंखा बंद, खिडकी बोटभर उघडी, अशा हवेत एक काडी 43 मिनिटं चालते. पंखा दोनवर असेल तर 32. रोजचा हिशेब करताना पंख्याचा आकडा धरा, ठाण्यात जूनमध्ये पंखा बंद ठेवून कोण बसतंय!

पहिली पाच मिनिटं ही उदबत्ती ओरडते. दुसरा शब्द सुचत नाही. ज्योत विझवली की पांढरट, जाडसर धूर येतो, देव्हाऱ्याच्या कमानीपर्यंत दोरीसारखा सरळ चढतो आणि तिथे विस्कटतो. वास गोड, तीव्र, लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तर शिंपडतात तसा. डोक्याच्या मागे किंचित जडपणा येतो. कुणाला दमा असेल तर या पाच मिनिटांत त्यांनी खोलीत बसूच नये. सासूबाईंना आहे, त्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडतात.

सहाव्या-सातव्या मिनिटाला धूर निम्मा होतो आणि त्याचा रंग निळसर दिसू लागतो. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवं येतं तेव्हा हे फार छान दिसतं. केवड्याची धार जाते. खालून चंदन वर येतं, सोबत थोडासा ऊद, थोडी वेलचीच्या टरफलासारखी कोरडी ऊब. मग पंचविसाव्या-सव्विसाव्या मिनिटापर्यंत ती तशीच एकसारखी जळत राहते. घमघमाट नाही, दरवळ. बोलताना, पेपर वाचताना मध्ये येत नाही. या वीस मिनिटांसाठी मी पाकीट संपवलं.

आता यातली गंमत. अत्तर अंगाला लावलं की आधी हलका वास, मग मधला, मग जड, असा क्रम लागतो, कारण सगळं एकाच थेंबातून उडत असतं आणि हलकं आधी संपतं. उदबत्तीचं तसं नाही. प्रत्येक इंचात तोच मसाला आहे. विस्तवाच्या जरा खाली जो तांदळाएवढा भाग तापतो त्यातली तेलं जळायच्या आधी उडतात, तो वास आपल्याला येतो, आणि हा तापलेला भाग खाली खाली सरकत जातो. म्हणजे पहिल्या मिनिटाचा आणि विसाव्या मिनिटाचा वास सारखाच यायला हवा. मग बदलतो कसा?

एक कारण आपलं नाकच. तोच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. हे तपासायला मी दहाव्या मिनिटाला जिन्यात जाऊन उभी राहिले, शेजारणीने विचारलं किल्ली विसरलात का, आणि पाच मिनिटांनी आत आले. दारात केवडा पुन्हा भेटला, पण पहिल्यासारखा टोचरा नाही, बराच मऊ. म्हणजे सगळा दोष नाकाचा नव्हता.

मग एका काडीचं टोक, साधारण इंचभर, मोडून टाकलं आणि उरलेली पेटवली. आरडाओरडा जवळजवळ गायब! पांढरा जाड धूरही मिनिटभरातच पातळ झाला. माझा अंदाज असा, की काडी वळून झाल्यावर वरून पुन्हा सुगंधी तेलात बुडवतात आणि टोक खाली ठेवून निथळत ठेवतात, त्यामुळे तेल टोकाशी जास्त साठतं. हाताला लावून बघा, टोकाकडचा इंच चिकट लागतो, मधला भाग कोरडा. कारखानदारांनी हे वाचलं तर निथळण्याकडे एकदा बघावं. ग्राहकांनी सरळ टोक मोडावं, तुकडा फुकट जात नाही, तो पाण्याच्या टाकीजवळ किंवा बाथरूमबाहेर लावला की चार मिनिटांत काम करतो.

मोडताना आणखी एक दिसलं. काडी आतून काळी आहे. बाहेरून तपकिरी भुकटी लावलेली, आत कोळशाची बत्ती. कोळसा असण्यात वाईट काही नाही, त्यामुळेच ती इतकी एकसारखी जळते आणि मध्येच विझत नाही. पण पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘मसाला’ छापलंय आणि घटकांच्या ओळीत कोळशाचं नाव नाही, हे मला पटलं नाही. चंदनाबद्दल तर बोलायलाच नको. 165 रुपयांत 68 काड्यांत खरं चंदन तेल कुणी घालू शकत नाही, ते रसायनांतून तयार केलेलं चंदन आहे. चांगलं तयार केलंय, एवढं मात्र कबूल. केवड्याचंही तेच, ओडिशातल्या गंजामच्या केवड्याचं खरं अत्तर या भावात येत नाही.

शेवटाकडे येते. सत्ताविसाव्या मिनिटानंतर ही काडी उतरणीला लागते. आधी चंदन पातळ होतं, नुसती ऊब उरते. मग पस्तिशीच्या आसपास करपट वास डोकावतो, जुनी पाटी किंवा टोपली चुलीत घातल्यासारखा. शेवटच्या दोन इंचांत वास कमी आणि धूर जास्त, तोही पिवळसर, डोळ्यांत जाणारा. हा दोष नाकाचा की काडीचा, हेही बघितलं: खालचे दोन इंच तोडून वेगळे, स्वच्छ हवेत पेटवले. पहिल्या क्षणापासून करपट. खाली मसाल्याचा थर बारीक होत जातो आणि बांबू तेवढाच जाड राहतो, म्हणजे आपण सुगंधाऐवजी बांबूच जाळत बसतो. महागातल्या उदबत्त्यांतही हे थोडंफार असतं, पण इथे थर फारच लवकर हात आखडता घेतो.

म्हणून मी आता अर्ध्या तासाला काडी उलटी करून वाळूच्या वाटीत खुपसते. फुंकून विझवायची नाही, असं आमच्याकडे मानतात, आणि फुंकली की तशीही राख उडते.

राखेबद्दल: करडी-पांढरी, भुसभुशीत नाही. मधल्या टप्प्यात इंचभर वाकडी राख तशीच लटकून राहते, मग एकदम गळते. उदबत्तीच्या अरुंद घरावर काडी तिरकी लावली तर ती हमखास देवाच्या वस्त्रावर पडणार. आमच्या बाळकृष्णाच्या पिवळ्या वस्त्राला एक भोक आहे. खाली लांबट ताटली ठेवा.

पावसात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात काड्या नरम पडल्या. पाकिटाची चिकटपट्टी दोनदा उघडल्यावर लागतच नाही. दमट काडी पेटायला काड्यापेटीतल्या तीन काड्या खाते, सुरुवातीचा पांढरा धूर दुप्पट होतो आणि केवडा ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. स्टीलच्या डब्यात टाकून, दुपारभर फ्रिजच्या वर ठेवल्या, तेव्हा ताळ्यावर आल्या. 165 रुपये घेता तर झाकणाचा डबा द्या की!

एक गोष्ट ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी. शंकराला केवडा वाहत नाहीत, त्यामुळे श्रावणी सोमवारी आमच्या घरी ही लावली नाही. कौपीनेश्वराला जाताना तर नाहीच. उदबत्तीत फूल नसतं, नुसता वास असतो, असा युक्तिवाद मुलीने केला, सासूबाईंनी तो फेटाळला. गणपतीत मात्र ही चालेल, केवडा तिथे हवाच असतो. पण गणपतीत घरात पंचवीस माणसं, वर फुलं, कापूर, तळणाचा वास, त्यात हिची मधली मंद वीस मिनिटं कुणाला कळणारही नाहीत. गर्दीच्या घरासाठी ही काडी नाही. दोन-तीन माणसांच्या शांत सकाळची आहे.

घरातल्यांचं मत: नवऱ्याला फक्त पहिली पाच मिनिटं आवडतात, ‘लावल्यासारखं वाटतं’ म्हणे. म्हणजे माझं सगळं पुराण त्यांच्यासाठी उलटं वाचावं.

तीन तारे अशासाठी, की 43 मिनिटांतली जेमतेम निम्मी मिनिटं मी पैसे देऊन घेतली असती. तरी दुसरं पाकीट मागवलंय, कारण या किमतीत तेवढंही मला दुसरीकडे मिळालं नाही. उरलेले करपट बुडखे डब्यात साठवून संध्याकाळी गॅलरीत लावून पाहिले, डास तरी जातील म्हणून. डास गेले नाहीत, खालच्या मजल्यावरचे काका मात्र वर विचारायला आले की काही जळतंय का.