नैसर्गिक मेंदी कोन, ३० ग्रॅम (हातापायांसाठी, ताजी भिजवलेली, गोठवून पाठवतो)

आधीच सांगते: हा झटपट रंगणारा कोन नाही. तासाभरात हात काळेभोर हवे असतील तर कृपया मागवू नका. ही मेंदी रात्रभर हातावर राहते, सकाळी केशरी दिसते आणि खरा रंग दुसऱ्या दिवशी दाखवते.

कोनात काय आहे

चारच गोष्टी: सोजतच्या मेंदीच्या पानांची वस्त्रगाळ पूड, पाणी, साखर आणि लव्हेंडरचं सुगंधी तेल. प्रमाणही लपवण्यासारखं नाही. १०० ग्रॅम पुडीला साधारण २८० मिली पाणी, ३० ग्रॅम साखर आणि ३० मिली तेल. एवढ्यात चौदा कोन भरतात. साखरेमुळे मेंदी तार धरते आणि वाळल्यावर लगेच झडत नाही. तेल नुसत्या वासासाठी नाही, त्याने रंग गडद व्हायला मदत होते. लिंबू घालत नाही, कारण नाजूक त्वचेला ते झोंबतं आणि त्याच्याशिवायही रंग नीट चढतो. पीपीडी, पिक्रामेट, रॉकेल, लवंगेचं तेल, तयार रंग यांतलं काहीही नाही. टिकवण्यासाठी रसायनही नाही, म्हणूनच साठवणुकीबद्दल पुढे इतकं बजावते आहे.

पूड कापडातून दोनदा चाळतो, भिजवलेली मेंदी पुन्हा गाळतो. टोक अगदी बारीक कापलंत तरी मध्येच काडी अडकून रेघ तुटत नाही.

रंग आणि वेळ

मेंदी ६ ते ८ तास ठेवा. रात्री काढून झोपलात तर उत्तम. वाळायला लागली की साखरपाण्याचा बोळा हलकेच टेकवा, पुसू नका. सकाळी पाणी न लावता बोथट सुरीच्या पाठीने किंवा नखाने खरवडा. चिकटून राहिलीच तर खोबरेल तेल चोळा. त्यानंतर जमेल तितका वेळ, शक्यतो २४ तास, पाण्यापासून दूर.

खरवडल्यावर रंग केशरी दिसेल. इथेच निम्म्या जणी घाबरून फोन करतात! पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेतल्या केराटिनला धरतं आणि मग हवेत हळूहळू गडद होतं. २४ तासांत विटकरी, ४८ तासांत लालसर तपकिरी. तळहात आणि तळपायांवर सर्वांत गडद, कारण तिथली कातडी जाड असते. मनगटाच्या वर फिका होत जातो आणि दंडावर कितीही वेळ ठेवलीत तरी तळहातासारखा येणार नाही. हा कोनाचा दोष नव्हे. समारंभ शनिवारी संध्याकाळी असेल तर गुरुवारी संध्याकाळी काढा. रंग साधारण एक ते दोन आठवडे राहतो, भांडी-धुणं रोजचं असेल तर कमी.

किती दिवस टिकते

फ्रीझरमध्ये ६ महिने, फ्रिजमध्ये एक आठवडा, बाहेर जेमतेम दोन दिवस, कडक उन्हाळ्यात एकच. पार्सल हातात पडलं की कोन आधी फ्रीझरमध्ये टाका, मेसेजला उत्तर नंतर द्या. भिजवल्याची तारीख प्रत्येक कोनावर लिहिलेली असते. वापरायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, गरम पाण्यात बुडवू नका. वितळलेला कोन पुन्हा गोठवत बसू नका. शंका आली तर तळहातावर एक ठिपका द्या आणि १५ मिनिटांनी पुसा. केशरी डाग उठला तर मेंदी चांगली आहे, नाही उठला तर कोन फेकून द्या.

त्वचेची चाचणी: हे वाचल्याशिवाय वापरू नका

प्रत्येक ऑर्डरमध्ये ५ ग्रॅमचा एक छोटा कोन वेगळा येतो, तो याचसाठी. कोपराच्या आतल्या बाजूला पावलीएवढा ठिपका काढा, तीन-चार तासांनी काढून टाका आणि ४८ तास वाट पाहा. खाज, आग, सूज, पुरळ किंवा फोड आले तर मेंदी लावू नका. पूर्वी कधी त्रास झाला नसला तरी चाचणी करा, कारण ॲलर्जी तेलाचीही असू शकते.

पूर्वी ‘काळी मेंदी’ किंवा केसांच्या डायने फोड आले असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. लाल रक्तपेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी ही मेंदी अजिबात लावू नये, त्यांच्या लाल रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही देत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावी, कोनात सुगंधी तेल आहे. जखम, इसब, डोळ्यांच्या आसपास लावू नये.

लावल्यावर त्रास झाला तर लगेच साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा, जाताना कोन सोबत न्या, घटक त्यावर छापलेले आहेत.

ऑर्डर देताना समारंभाची तारीख लिहा. त्याच्या निदान पाच दिवस आधी कोन तुमच्या हातात पडेल असा पाठवतो, म्हणजे चाचणीला वेळ उरतो. जिथे पार्सल दोन दिवसांत पोहोचत नाही, तिथली ऑर्डर घेत नाही.