ऑनलाइन परीक्षेत हाय कॉन्ट्रास्ट पडदा वापरण्याची परवानगी मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : ३ मार्च २०२५
स्थळ : नागपूर

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
महाविद्यालयीन परीक्षा विभाग,
नागपूर

मार्फत : मा. विभागप्रमुख, वाणिज्य विभाग

विषय : १८ मार्चपासून सुरू होणाऱ्या ऑनलाइन परीक्षेत माझ्या संगणकावर काळ्या पार्श्वभूमीची हाय कॉन्ट्रास्ट सेटिंग सुरू ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

अर्जदार : कु. ऋतुजा सुरेश निखाडे, बी.कॉम. द्वितीय वर्ष, सेमिस्टर ४, तुकडी ब, रोल नं. ४७, रा. मानेवाडा, नागपूर

महोदय/महोदया,

मला जन्मापासून अल्बिनिझम आहे. माझ्या केसांचा आणि कातडीचा रंग पाहून पुष्कळ जणांना ते कोड वाटते, पण ते कोड नाही. शरीरात रंगद्रव्य तयार होत नाही किंवा फार कमी होते, आणि त्याचा खरा परिणाम डोळ्यांवर होतो. बुबुळातून नको तेवढा उजेड आत शिरतो, डोळ्यातल्या पडद्याचा मध्यभाग नीट वाढलेला नसतो आणि बुबुळे सारखी डावी-उजवीकडे हलत राहतात. चष्मा लावूनही माझी दृष्टी उजव्या डोळ्याची ६/६० आणि डाव्या डोळ्याची ६/३६ आहे. म्हणजे इतरांना छत्तीस मीटरवरून दिसते ते मला चांगल्या डोळ्याने सहा मीटरवर यावे लागते. दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

परीक्षेच्या दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मला आधीच मिळतो. दीड तासाच्या पेपरला अर्धा तास, आणि त्याबद्दल मी विभागाची आभारी आहे. पण डिसेंबरमधल्या पेपरात लक्षात आले की माझी अडचण वेळेची नाही, उजेडाची आहे. पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोर मला अर्धा तास जास्त देणे म्हणजे उन्हात उभे राहण्याची मुदत वाढवून देण्यासारखे आहे. त्या दिवशी चाळिसाव्या प्रश्नानंतर डोळ्यांतून पाणी येऊ लागले. शेवटचे बारा प्रश्न मी वाचून सोडवले असे म्हणता येणार नाही, अंदाजाने टिकमार्क केले. कॉस्ट अकाउंटिंग मला आवडतो आणि तो येतोही, म्हणून ते जास्त लागले.

लेखनिक घ्यावा असे तेव्हा एका पर्यवेक्षकांनी आपुलकीने सुचवले होते. मला लेखनिक नको आहे. हिशेबाचा तक्ता कुणी वाचून दाखवला तर वरची ओळ खालच्या ओळीशी ताडून पाहता येत नाही. ते काम डोळ्यांनीच होते, आणि माझे डोळे ते करतात, फक्त पडदा काळा हवा. शाळेत मी पहिल्या बाकावर बसून काळ्या फळ्यावरचे खडूचे अक्षर वाचत असे. नववीत वर्गात पांढरा बोर्ड आला आणि माझे फळ्यावरचे वाचन बंद झाले. अक्षर तेवढेच मोठे होते, मागची बाजू तेवढी बदलली होती.

इथे एक गैरसमज होण्याची शक्यता आहे म्हणून लिहिते. पांढऱ्यावर काळे अक्षर हेच सर्वांत ठळक, मग अडचण कसली, असे कुणी विचारील. कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर पाहिले तर ते बरोबर आहे. काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर २१:१ येते आणि त्याहून जास्त असूच शकत नाही. पण ते उलटे केले, काळ्यावर पांढरे किंवा पिवळे केले, तरी गुणोत्तर जवळपास तेवढेच राहते आणि डोळ्यांत शिरणारा उजेड मात्र कितीतरी कमी होतो. मला नेमके तेच हवे आहे. शिवाय आपल्या सराव चाचणीच्या पानावर प्रश्नक्रमांक आणि सूचना करड्या अक्षरांत आहेत. माझ्या भावाने पानाचा कोड उघडून पाहिला तर तो रंग #999999 निघाला. पांढऱ्यावर त्याचे गुणोत्तर तीनलाही पोहोचत नाही. वेबपानांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या अक्षरासाठी किमान ४.५:१ सांगितले आहे. ते करडे अक्षर माझ्याच नव्हे, मागच्या बाकावरच्या बऱ्याच चष्मेवाल्यांच्या नशिबीही नाही.

माझी विनंती अशी. लॅबमधल्या संगणकांवर विंडोज १० आहे आणि ही सोय त्यातच आहे. Settings › Ease of Access › High contrast येथे जाऊन `High Contrast #1` ही थीम निवडायची. काळ्यावर पिवळी अक्षरे येतात. नवीन काही विकत घ्यायचे नाही, बसवायचे नाही. `Left Alt + Left Shift + Print Screen` या कळा एकत्र दाबूनही ती सुरू होते, पण परीक्षेचे लॉक होणारे ब्राउझर उघडल्यावर अशा कळा चालत नाहीत. डिसेंबरमध्ये नेमके तेच झाले. मी आत बसल्यावर विचारले आणि तोवर कुणाच्याच हातात काही उरले नव्हते. म्हणून सेटिंग ब्राउझर उघडण्याआधी व्हावी, आणि मी ज्या लॉगिनने परीक्षा देणार त्याच लॉगिनवर व्हावी, कारण ती प्रत्येक खात्याला वेगळी असते. लॅबचे संगणक बंद करून सुरू केले की मूळ रूपात येतात असे लॅब असिस्टंट दादांनी सांगितले. तसे असेल तर आदल्या संध्याकाळी करून उपयोग नाही, त्याच सकाळी करावी लागेल. मी साडेनऊला हजर राहीन.

याने कॉपीला वाव मिळेल का, ही शंका रास्त आहे. हाय कॉन्ट्रास्ट हा वेगळा प्रोग्राम नाही. तो काही साठवत नाही, इंटरनेटला जात नाही, दुसरी खिडकी उघडत नाही. प्रश्न तेच, पर्याय तेच, त्यांचा क्रमही तोच राहतो. फक्त रंग बदलतात.

रंग बदलल्याने मात्र दोन गोष्टी बिघडतात, आणि त्या आधीच सांगणे मला योग्य वाटते. पहिली प्रश्नांच्या उजवीकडच्या चौकटींची. सोडवलेला हिरवा, न सोडवलेला लाल, पुन्हा पाहायचा जांभळा, असे ते आहे. हाय कॉन्ट्रास्टमध्ये हे पार्श्वभूमीचे रंग पुसले जातात आणि सगळ्या चौकटी सारख्या दिसतात. कोणता प्रश्न राहिला हे मला कळणार नाही. यासाठी मला एक कोरा कागद आणि जाड मार्कर जवळ ठेवू द्यावा, राहिलेल्या प्रश्नांचे क्रमांक मी त्यावर लिहीन आणि शेवटी तो पर्यवेक्षकांकडे जमा करीन.

दुसरी गोष्ट चित्रांची, आणि ती जास्त अवघड आहे. व्यवसाय सांख्यिकीच्या पेपरात आलेख आणि काही तक्ते चित्र म्हणून टाकलेले असतात. हाय कॉन्ट्रास्ट चित्राला हात लावत नाही. चित्राची मागची बाजू पांढरी असेल तर काळ्या पडद्यात मधोमध ट्यूबलाइट लावल्यासारखा तुकडा येतो, आणि मागची बाजू पारदर्शक असेल तर काळ्या रेघा काळ्यात बुडून जातात. मग आलेख आहे हेच समजत नाही. पेपर काढणाऱ्या शिक्षकांना तक्ता मजकुराच्या रूपात टाकता आला तर निम्मी अडचण तिथेच संपते. उरलेले आलेख मला फिक्कट पिवळ्या कागदावर मोठे करून छापून मिळाले तरी चालेल. कागदावरचे मी वाचते, कारण कागद स्वतः उजेड फेकत नाही. सगळा पेपर छापून द्या असे मी म्हणत नाही, तीन-चार प्रश्नांचाच प्रश्न आहे.

लॉक होणाऱ्या ब्राउझरने विंडोजचे रंग घेतलेच नाहीत, तर विंडोजच्या मॅग्निफायरमध्ये `Ctrl + Alt + I` दाबून सगळा पडदा उलट्या रंगात करता येतो. त्यात चित्रेही उलटतात. पण मॅग्निफायर हा वेगळा प्रोग्राम आहे आणि ब्राउझर त्याला अडवण्याची शक्यता आहे, म्हणून तो दुसरा पर्याय.

कॅमेऱ्याबद्दलही एक ओळ. मी पडद्यापासून वीतभर अंतरावर वाचते आणि मान थोडी डावीकडे वळवते, कारण त्या कोनात माझी बुबुळे कमी हलतात. शिवाय माझ्या चष्म्याच्या काचा गडद आहेत. ही नजर चुकवण्याची हालचाल समजली जाऊ नये, एवढी नोंद माझ्या नावापुढे आधीच असावी. जागा खिडकीपासून लांबची मिळावी. मार्चमधले आपल्याकडचे ऊन आपणास सांगायला नको. पडद्यावरचे घड्याळ बारीक असते, त्यामुळे शेवटचा अर्धा तास उरल्यावर पर्यवेक्षकांनी एकदा तोंडी सांगावे.

घरी मी सराव चाचणीचे तीस प्रश्न दोनदा सोडवून पाहिले, दोन वेगळे संच घेऊन. पांढऱ्या पडद्यावर ५२ मिनिटे लागली आणि मध्ये दोनदा डोळे मिटून बसावे लागले. काळ्यावर ३४ मिनिटांत झाले. तोच लॅपटॉप होता, तीच वेळ होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार परीक्षा पद्धतीत योग्य बदल करण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, सोय ही त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवावी लागते, असे म्हटले आहे. ते प्रकरण लेखनिकाचे होते, माझे पडद्याच्या रंगाचे आहे. ही माहिती केवळ कार्यालयाला टिपणी लिहिताना उपयोगी पडावी म्हणून दिली आहे. विभागाने आजवर मला कधी नाही म्हटलेले नाही.

शेवटी एवढेच मागते की परीक्षेआधी एकदा लॅबमध्ये अर्धा तास चाचणी घेऊन पाहावी. १३ आणि १४ तारखेला होळी-धूळवड आहे, नंतर शनिवार-रविवार. म्हणून १० ते १२ मार्चमधील कोणत्याही दिवशी दुपारी दोननंतर मला बोलवावे. मी सराव चाचणीचा संच आणि घरी वापरते त्या सेटिंगचे फोटो घेऊन येईन. काही अडले तर दुरुस्त करायला सोमवार, १७ तारीख हातात राहील.

तरी परवानगीचे लेखी पत्र मिळावे आणि त्याची एक प्रत परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये असावी, ही नम्र विनंती. मागच्या वेळी तोंडी होकार मिळाला होता, पण त्या दिवशी पर्यवेक्षक दुसरे आले.

आपली विश्वासू,
कु. ऋतुजा सुरेश निखाडे
बी.कॉम. द्वितीय वर्ष, रोल नं. ४७

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डाची छायांकित प्रत, नेत्रतज्ज्ञांचे फेब्रुवारी २०२५ चे पत्र, जादा वेळेच्या मागील मंजुरीची प्रत, सराव चाचणीच्या पडद्याचे दोन फोटो (पांढरा आणि काळा).